फोटोवरून ओरिजिनल की रीइश्यू: 'डार्क साइड ऑफ द मून'ची ब्रिटिश कॉपी हातात न घेता कशी ओळखायची

जाहिरातीत लिहिलेलं असतं "१९७३, ओरिजिनल, फर्स्ट प्रेस, एकदम मिंट". सोबत पाच फोटो, त्यातले दोन कव्हरचे, एक लेबलचा तिरका, एकात विकणाऱ्याचा सोफा जास्त दिसतोय आणि रेकॉर्ड कमी. आता यावरून ठरवायचं की पैसे पाठवायचे की नाही. मी हे बरीच वर्षं करतोय, दोनदा फसलोय, एकदा तर स्वतःच्याच हुशारीमुळे, ते पुढे सांगतो.

सगळ्या रेकॉर्ड्सचे नियम एका लेखात बसवायला गेलो तर काहीच नीट कळणार नाही, म्हणून एकच रेकॉर्ड घेतो, पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून', तीही ब्रिटनमध्ये हार्वेस्ट लेबलवर मार्च १९७३ मध्ये आलेली, कॅटलॉग नंबर SHVL 804. ही एवढी खपली आणि एवढ्या वेळा परत छापली गेली की सगळे घोळ हिच्यात सापडतात. हिच्यावर हात बसला की हार्वेस्ट ज्या ब्रिटिश कंपनीचं लेबल होतं त्या ईएमआयच्या त्या काळातल्या दुसऱ्या रेकॉर्ड्सही तुम्हाला वाचता येतील, फक्त लेबलचं डिझाइन वेगळं असेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेकॉर्डवर सापडलेली जुनी खूण फार काही सिद्ध करत नाही, नवीन खूण मात्र सगळं सिद्ध करते. म्हणजे जुना नंबर, जुनं चित्र, जुनं साल हे सगळं नंतरच्या कॉपीवरही येऊ शकतं कारण कारखान्याने तोच साचा परत वापरला किंवा डिझाइनरने तेच चित्र परत लावलं. पण नंतर अस्तित्वात आलेली एखादी गोष्ट, समजा बारकोड, १९७३ च्या वस्तूवर कशी येईल? ती नाहीच येऊ शकत. म्हणून फोटो बघताना "जुनं काय दिसतंय" हे शोधत बसू नका, "सगळ्यात नवीन काय दिसतंय" ते शोधा, ती वस्तू त्यापेक्षा जुनी असूच शकत नाही.

आणि दुसरं, कव्हर आणि रेकॉर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पन्नास वर्षांत कोणी कोणाची रेकॉर्ड कोणाच्या कव्हरात घातली देव जाणे. दोघांचं वय वेगवेगळं काढायचं आणि मग जुळतंय का बघायचं.

आधी लेबल

लेबल म्हणजे रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद, त्याचा फोटो सरळ वरून हवा, दोन्ही बाजूंचा. एकाच बाजूचा पाठवला तर दुसरा मागा, कारण नसताना टाळत असेल तर सावध व्हा.

या रेकॉर्डचं ब्रिटिश लेबल काळं असतं आणि त्यावर निळा त्रिकोण, म्हणजे कव्हरवरचा प्रिझम. पहिल्या प्रेसिंगमध्ये, म्हणजे छपाईच्या पहिल्या खेपेत, हा त्रिकोण आतून भरलेला आहे, फिकट निळ्या रंगाने, म्हणून सगळे त्याला सॉलिड ट्रँगल म्हणतात. नंतर डिझाइन बदललं आणि त्रिकोणाची फक्त निळी रेघ राहिली, आतमध्ये लेबलचा काळा रंग. ही आउटलाइनवाली लेबलं खूप जास्त संख्येने आहेत, आणि बाजारात "फर्स्ट प्रेस" म्हणून दिसणाऱ्या कॉपीज बहुतेक वेळा याच असतात. विकणारा प्रत्येक वेळी खोटं बोलत असतो असं नाही हां, त्याच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतली होती एवढंच त्याला माहीत असतं आणि त्याच्या दृष्टीने जुनी म्हणजे ओरिजिनल.

त्यामुळे विचारताना "सॉलिड ट्रँगल आहे का" असं विचारूच नका, समोरचा हो म्हणून मोकळा होतो. विचारा "त्रिकोणाच्या आत काळं आहे का निळं?" याला गोल गोल उत्तर देता येत नाही.

फोटोत एक गडबड होते. ट्यूबलाइटखाली किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत काळं लेबल राखाडी दिसतं आणि फिकट निळा रंग पण राखाडीकडे झुकतो, मग आउटलाइनवालं लेबल भरलेल्यासारखं वाटायला लागतं. अशा वेळी त्रिकोणाच्या आतल्या रंगाची तुलना त्रिकोणाच्या बाहेरच्या लेबलशी करा, त्याच फोटोत. आत-बाहेर सारखंच असेल तर आउटलाइन. आत वेगळं, थोडं का होईना उजळ निळसर, तर सॉलिड. फोटोमधला रंग खरा आहे का यावर वाद घालत बसायची गरजच उरत नाही.

त्यानंतर लेबलच्या कडेने गोल फिरणारं बारीक लिखाण वाचा, ज्याला रिम टेक्स्ट म्हणतात. झूम करा, फोन उलटा करा, काहीही करा पण वाचा. तिथे सुरुवातीला कंपनीचं नाव असतं. १९७३ च्या मध्यापर्यंत ईएमआयच्या ब्रिटिश लेबलांवर तिथे 'द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड' असं छापलं जायचं, त्यानंतर ते बदलून 'ईएमआय रेकॉर्ड्स लिमिटेड' झालं. म्हणजे ग्रामोफोन कंपनी दिसली तर आनंद झाला तरी चालेल पण नाचू नका, आणि ईएमआय रेकॉर्ड्स दिसलं तर पहिली प्रेसिंग हा विषय तिथेच संपला. वर म्हटलं ना, नवीन खूण जिंकते.

आता नवशिके सगळ्यात जास्त कशावर फसतात ते सांगतो. लेबलवर आणि कव्हरवर गोलातला P आणि त्यापुढे १९७३ असं असतं. लोक म्हणतात, बघा, साल लिहिलंय. अहो ते साल रेकॉर्डिंग पहिल्यांदा बाहेर आलं त्याचं आहे, ही कॉपी छापल्याचं नाही. काल परवा छापलेल्या कॉपीवर पण तेच १९७३ असणार, हक्काची नोंद आहे ती. उलट त्याच ओळीत पुढे किंवा कव्हरच्या मागे खाली बारीक अक्षरात दुसरं, नंतरचं साल आहे का ते बघा. तिथे २००३ किंवा २०१६ दिसलं तर कॉपी त्याच्यानंतरची.

आणि Q4SHVL 804 असा नंबर दिसला तर तो क्वाड्राफोनिक, चार स्पीकरवाला वेगळा मिक्स आहे. ती पण जुनीच चीज आहे आणि काही लोक ती मुद्दाम शोधतात, पण तुम्हाला स्टिरिओ फर्स्ट प्रेस हवी असेल तर ती ही नव्हे.

मग रनआउट, म्हणजे डेड वॅक्स

शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा राहतो तिथे काही अक्षरं आकडे असतात, त्यातला मुख्य नंबर म्हणजे मॅट्रिक्स. याचा चांगला फोटो मिळणं हीच निम्मी लढाई आहे. काळ्यावर काळं, आणि तेही चकचकीत. विकणाऱ्याला "मॅट्रिक्सचा फोटो पाठवा" एवढंच लिहिलंत तर तो फ्लॅश मारून एक पांढरा डाग पाठवेल. त्याला नीट सांगा, की फ्लॅश बंद करा, खोलीतला मोठा दिवा पण बंद करा, दुसऱ्या फोनचा टॉर्च रेकॉर्डच्या पातळीला आडवा धरा म्हणजे प्रकाश पृष्ठभागाला घासून जाईल, आणि फोन थोडा लांब धरून दोनपट झूम करून काढा, अगदी जवळ नेऊ नका कारण मग सावली पडते. आडव्या प्रकाशात कोरलेल्या अक्षराची एक कड उजळते आणि दुसरीत सावली, अक्षर उठून दिसतं. आमच्याकडे आजी तांदूळ निवडताना परात खिडकीकडे तिरकी करायची, खडा लगेच दिसायचा, तेच आहे हे.

काही जण कागद ठेवून पेन्सिल घासतात, नाण्याचा ठसा घेतो तसं. वाचता येतं पण हात सटकला तर शेवटच्या गाण्याच्या ग्रूव्हमध्ये, म्हणून मी कोणाला सुचवत नाही.

आता वाचायचं काय. ब्रिटिश ईएमआयच्या त्या काळच्या रेकॉर्डवर तीन ठिकाणी खुणा असतात आणि त्यांची जागा ठरलेली आहे. मुख्य मॅट्रिक्स नंबर घड्याळात सहा वाजतात तिथे, म्हणजे खाली, येईल अशी रेकॉर्ड फिरवा. तिथे एका बाजूला SHVL 804 A-2 आणि दुसऱ्या बाजूला SHVL 804 B-2 असं दिसलं तर चांगलं लक्षण, पहिल्या प्रेसिंगवर सहसा हेच असतं. मग डावीकडे नऊच्या जागी एखादा आकडा आणि उजवीकडे तीनच्या जागी एक, दोन किंवा तीन अक्षरं.

या तीन खुणा वेगवेगळ्या का, हे कळलं की पाठ करायची गरज पडत नाही. गाणी आधी एका मऊ लॅकरच्या तबकडीवर कापली जातात, हा झाला कट, आणि A-2 मधला २ हा त्या कटचा नंबर. त्या लॅकरवरून धातूचा उलटा मास्टर होतो, मास्टरवरून सुलटी मदर, आणि मदरवरून परत उलटा स्टॅम्पर, जो प्रेसमध्ये लावून प्लास्टिक दाबतात. एका मास्टरवरून बऱ्याच मदर, एका मदरवरून बरेच स्टॅम्पर. स्टॅम्पर झिजतो, हजारभर कॉपीजनंतर बदलावा लागतो असं साधारण धरा. नऊच्या जागचा आकडा म्हणजे कितवी मदर आणि तीनच्या जागची अक्षरं म्हणजे कितवा स्टॅम्पर.

अक्षरांचा आकडा कसा काढायचा तर ईएमआयने दहा अक्षरांचा एक शब्द वापरला, ग्रामोफोन लिमिटेडचं लघुरूप:

```
G R A M O P H L T D
1 2 3 4 5 6 7 8 9 0
```

म्हणजे नुसतं G असेल तर पहिला स्टॅम्पर, MP म्हणजे ४६, GD म्हणजे १०, RHA म्हणजे २७३. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा घरातल्या सगळ्या ईएमआय रेकॉर्ड्स टॉर्च घेऊन काढून बसलो होतो, बायको म्हणाली चोर शिरलाय असं वाटतंय. दोन बाजूंचे स्टॅम्पर वेगवेगळे झिजतात आणि वेगवेगळ्या वेळी बदलले जातात त्यामुळे एका बाजूला G आणि दुसऱ्या बाजूला RA असं असलं तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे.

पण इथेच माझी हुशारी नडली होती. एका कॉपीचा रनआउटचा फोटो आला, स्वच्छ A-2, दुसऱ्या बाजूला B-2. मी म्हटलं झालं काम, लेबलचा फोटो सुद्धा नीट बघितला नाही, कव्हर जुनं, पोस्टर आहेत, पैसे पाठवले. रेकॉर्ड आली तर त्रिकोण आउटलाइनवाला. फोटो खोटा नव्हता, मॅट्रिक्स खरंच A-2 होता. चूक माझी. कट नंबर २ चा लॅकर, त्याचा मास्टर, त्याच्या मदर, हे सगळं कारखान्यात पडून असतं आणि लेबलं बदलली तरी त्याच धातूवरून छपाई चालू राहते. मॅट्रिक्स तुम्हाला सांगतो कोणता कट आहे, कधी दाबली ते सांगत नाही. A-2 हा फर्स्ट प्रेससाठी लागणारा कागद आहे पण तेवढ्यावर काम होत नाही, सात-बारा आहे पण खरेदीखत नाही तसं.

उलट दिशेने मात्र मॅट्रिक्स फार कामाचा. A नंतर मोठा आकडा असेल तर तो कट नंतरचा, आणि मग लेबल कसंही दिसो, पहिली खेप नाही.

आणि अक्षरांचं वळण बघा. ब्रिटिश ईएमआयचा मुख्य नंबर साच्याने ठोकलेला असतो, अक्षरं एका उंचीची, छापील वळणाची, कडा सरळ. नवीन रीइश्यूवर बऱ्याचदा हाताने सुईने कोरलेलं असतं, अक्षरं थोडी वाकडी, रेघ शेवटी निमुळती होत जाते, आणि सोबत आधुनिक कारखान्याचा लांबलचक जॉब नंबर, आकडे, मध्ये एखादं अक्षर, शेवटी तिरकी रेघ आणि A किंवा B. असा लांब नंबर दिसला की पुढचं बघायची गरज नाही. पण "हाताने कोरलेलं म्हणजे नवीन" असा सरसकट नियम करू नका, अमेरिकेतल्या जुन्या रेकॉर्ड्सवर हाताने कोरलेलं भरपूर सापडतं. हा नियम या लेबलपुरता, या देशापुरता.

देशावरून आठवलं. आपल्याकडे कोलकात्याजवळ डमडमला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२८ पासून, आणि ईएमआयच्या परदेशी रेकॉर्ड्स तिथे दाबल्या जायच्या तेव्हा धातूचे साचे अनेकदा इंग्लंडहून यायचे. त्यामुळे भारतीय कॉपीच्या रनआउटमध्ये ब्रिटिश मॅट्रिक्स सापडू शकतो आणि चोर बाजारात कोणीतरी ठामपणे सांगतं "यूके मॅट्रिक्स आहे भाई, यूके प्रेस". नाही. कुठे दाबली हे लेबलवर बघायचं, तिथे मेड इन इंडिया असेल तर ती भारतीय. भारतीय प्रेसिंग वाईट असं माझं म्हणणं नाही, पण भाव वेगळा. आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं नाव सारेगामा झालं २००० साली, तेव्हा लेबलवर सारेगामा दिसत असताना कोणी "सत्तरची ओरिजिनल" म्हणत असेल तर चहा पिऊन निघायचं.

कव्हरची छपाई, आणि ती शेवटी का

कव्हर मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण नवीन माणूस तिथूनच सुरू करतो. मोठं असतं, सुंदर असतं, फोटोत छान येतं. पण बदलायला सगळ्यात सोपं तेच.

१९७३ चं कव्हर उघडणारं, गेटफोल्ड. समोर काळ्यावर प्रिझम आणि रंगांचे पट्टे, बँडचं नाव नाही, शीर्षक नाही. हिप्नोसिस या डिझाइन ग्रुपचं काम, चित्र जॉर्ज हार्डीने काढलेलं. पट्टे सहा आहेत, सात नाहीत, पारवा वगळलाय. आत हृदयाच्या ठोक्यांची रेघ जाते आणि गाण्यांचे शब्द. सोबत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर मिळायचे. पोस्टर आणि स्टिकर असले की लोक किंमत चढवतात आणि ठीक आहे, वेगळे विकत घ्यायला गेलात तर स्वस्त नाहीत, पण ते कुठल्याही कॉपीत घालता येतात आणि नंतरच्या काही रीइश्यूंसोबत त्यांच्या नकला पण आल्या. त्यावरून रेकॉर्डचं वय काढू नका.

कव्हरमध्ये सगळ्यात पहिले मागच्या बाजूचे चारही कोपरे बघा, बारकोडसाठी. एलपींवर बारकोड सर्रास दिसायला लागले ते ऐंशीच्या दशकात. बारकोड, वेबसाइटचा पत्ता, पिंक फ्लॉइड रेकॉर्ड्स हे नाव, PFRLP8 हा नंबर, यातलं एक जरी दिसलं तरी विषय संपला, PFRLP8 हा २०१६ च्या आवृत्तीचा नंबर आहे. १८० ग्रॅम असा स्टिकर असेल तरी तेच. विकणारा कधी कधी मागचा फोटो असा काढतो की नेमका तो कोपरा अंगठ्याखाली. अंगठा हलवायला सांगा.

बारकोड नसेल तर छपाई. याला जवळचा फोटो लागतो, कव्हरवरच्या सगळ्यात बारीक अक्षरांचा, आतल्या शब्दांचा चालेल. जुन्या छपाईत अक्षरं वेगळ्या फिल्मवरून थेट येतात, त्यामुळे कितीही बारीक असली तरी कडा स्वच्छ आणि आतून एकसंध. कोणी जुनं कव्हर स्कॅन करून परत छापलं असेल तर अक्षरं पण चित्राबरोबर स्कॅन झालेली असतात, मग झूम केल्यावर अक्षर रंगीत ठिपक्यांचं बनलेलं दिसतं, कड केसाळ, 'e' आणि 'a' मधली पोकळी बुजलेली. स्वस्तातल्या बनावट कॉपीज इथे पकडल्या जातात. अधिकृत रीइश्यू मात्र बऱ्याचदा नव्याने टाइपसेट केलेले असतात, त्यांची अक्षरं एकदम स्वच्छ येतात, म्हणून स्वच्छ अक्षर म्हणजे जुनं असं उलटं गणित मांडू नका.

फोटोत कधी कधी पट्ट्यांवर लाटांसारखी नक्षी दिसते. त्यावरून लगेच बनावट म्हणून ओरडू नका, छपाईचे ठिपके आणि फोनच्या स्क्रीनचे ठिपके एकमेकांवर पडले की अशी लाट तयार होते. फोटो थोडा झूम करा, बाहेर या. लाट हलली, बदलली तर ती तुमच्या स्क्रीनची. कितीही झूम केलं तरी जागची हलत नसेल तर ती एकतर फोटो काढतानाच कॅमेऱ्यात आली किंवा खरंच कव्हरवर छापलेली आहे, आणि कोणतं ते दुसऱ्या अंतरावरून काढलेला फोटो मागवला की कळतं.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण, छापलेली झीज. काळ्या कव्हरवर आत ठेवलेल्या रेकॉर्डचा गोल घासून पांढरट उमटतो, कोपरे आणि कणा पांढरे पडतात. कोणी असं झिजलेलं कव्हर स्कॅन केलं तर ती झीज पण छापली जाते, म्हणजे कोरं करकरीत कव्हर पण चित्रात म्हातारं. ओळखायचं कसं तर कव्हर तिरकं धरून खिडकीच्या उजेडात एक फोटो मागवायचा. खरी झीज असेल तिथे पृष्ठभागाची चमक तुटते, उजेडाचा पट्टा त्या जागी खडबडीत होतो. छापलेली असेल तर चमक तिच्यावरून सरळ निघून जाते जणू तिथे काही नाहीच.

एक कॉपी पूर्ण तपासून बघू

गेल्या पावसाळ्यात मावसभावाने पुण्याहून फोटो पाठवले. त्याच्या ओळखीतले एक काका इंग्लंडहून परत येताना सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्ड्सचा खोका घेऊन आले होते, त्यातली ही. मेसेज असा, "दादा, फर्स्ट प्रेस आहे म्हणतायत, पोस्टर पण आहेत, घेऊ का?" सहा फोटो. समोर, मागे, आतली बाजू, पोस्टर, एक लेबल, आणि रनआउटचा एक, ज्यात फक्त ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.

कव्हर बघितलं. मागे बारकोड नाही, खाली मुद्रकाचं नाव गॅरॉड अँड लॉफ्टहाउस, ईएमआयच्या त्या काळच्या बऱ्याच कव्हरांवर हेच नाव असतं. कोपरे झिजलेले आणि तिरक्या फोटोत चमक तुटत होती. कव्हर सत्तरचं, ब्रिटिश, त्यात शंका नाही.

लेबल बघितलं तर त्रिकोण राखाडी. आत आणि बाहेर तुलना केली, मला सारखंच वाटलं, पण फोटो इतका वाईट होता की शपथ घेतली नसती. भावाला म्हटलं फोटो नवीन मागव, दोन्ही लेबलं सरळ वरून, उजेडात, आणि रनआउट टॉर्च आडवा धरून. शिवाय लेबलच्या बाजूला आजची तारीख लिहिलेला कागदाचा तुकडा ठेवायला सांग. भाऊ म्हणाला, "अरे काका ओळखीचे आहेत, असं कसं सांगू?" मी म्हटलं, तारखेचं राहू दे मग, बाकी दोन सांग. ओळखीत तारखेची चिठ्ठी खरंच बरी दिसत नाही, पण अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घेताना अजिबात सोडू नका, कारण लेबलचे सुंदर फोटो नेटवर पडलेले आहेत आणि ते उचलून लावणं सोपं आहे. चिठ्ठी मिळणार नसेल तर लेबलच्या मधल्या भोकाभोवतीच्या बारीक रेघा बघा, रेकॉर्ड लावताना स्पिंडल घासून उमटतात त्या. प्रत्येक कॉपीच्या वेगळ्या असतात, दोन फोटोत त्या जुळल्या पाहिजेत.

नवीन फोटो आले. त्रिकोणाची निळी रेघ स्पष्ट, आत काळं. रिम टेक्स्ट ईएमआय रेकॉर्ड्स लिमिटेड. रनआउटला नंबर ठोकलेला, छापील वळणाचा, पण A पुढचा आकडा २ नाही, मोठा, दुसऱ्या बाजूलाही तसंच. तीनच्या जागी तीन अक्षरं, म्हणजे स्टॅम्परचे आकडे शंभराच्या पुढे.

आता सगळं एकत्र ठेवा. दाबलेली ब्रिटनमध्ये, खरी ईएमआयची, सत्तरच्या दशकातली, पण आउटलाइन लेबल, नंतरचं कंपनीचं नाव, नंतरचा कट, अशा तीन वेगळ्या खुणा एकच गोष्ट सांगतायत. फर्स्ट प्रेस नाही. काका खोटं बोलत नव्हते, त्यांनी तिथे असताना दुकानातून नवी घेतलेली, त्यांच्यासाठी ती पहिलीच. रीइश्यू हा शब्द पण मी इथे वापरणार नाही, कारण नवीन आवृत्ती म्हणून ती बाजारात आणलेली नव्हती, त्याच नंबरवर चालू राहिलेली छपाई आहे, आपण तिला नंतरची प्रेसिंग म्हणू. जाहिरातीत लोक या तीन गोष्टींची खिचडी करतात, पहिली प्रेसिंग, नंतरची प्रेसिंग, आणि रीइश्यू, आणि "ओरिजिनल" शब्द पहिल्या दोन्हींना बिनधास्त लावतात, तेव्हा तुम्ही विचारताना ओरिजिनल हा शब्दच टाळा. त्रिकोण, रिम, मॅट्रिक्स, बारकोड, एवढंच विचारा.

रेकॉर्ड्सच्या नोंदी ठेवणाऱ्या डिस्कॉग्स या वेबसाइटवर जाऊन SHVL 804 टाकलंत तर ब्रिटिश कॉपींच्याच ढीगभर नोंदी निघतील. तिथे आधी लेबलने गाळणी लावा, मग मॅट्रिक्स, कव्हर शेवटी. नोंदी तुमच्या-माझ्यासारख्यांनीच भरलेल्या असतात, चुका असतात, त्यामुळे एखाद्या नोंदीत तुमच्यासारखंच सगळं असेल पण एक गोष्ट वेगळी असेल तर ओढूनताणून बसवू नका, पुढची नोंद उघडा.

फोटोवरून काय कळत नाही ते पण सांगतो. ग्रूव्ह जड सुईने खाल्लेले असतील तर रेकॉर्ड फोटोत चकचकीत दिसते आणि वाजवल्यावर आतल्या गाण्यांना खरखर. थोडीशी वाकलेली रेकॉर्ड वरून काढलेल्या फोटोत सपाटच दिसते, त्यासाठी टर्नटेबलवर फिरतानाचा बाजूने काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवावा लागतो. ओळख पटली म्हणजे कंडिशन पटली असं होत नाही.

भावाने शेवटी काकांना त्रिकोणाचं नीट समजावून सांगितलं, काकांनी भाव उतरवला, आणि दोन्ही पोस्टर व्यवस्थित निघाले. रेकॉर्ड आता त्याच्याकडे आहे. परवा परत मेसेज आला, दुसऱ्या कुठल्यातरी रेकॉर्डच्या लेबलचा फोटो, या वेळी दोन्ही बाजू, सरळ वरून, टॉर्च आडवा, आणि शेजारी चिठ्ठीवर तारीख.